तारेवरचा मेणाचा ठिपका आणि प्रोटॉनची त्रिज्या

तंबोऱ्याची एक तार सुरात लावलेली आहे. तिच्या मधोमध मेणाचा बारीकसा ठिपका चिकटवला तर सूर उतरणार, हे कुणीही सांगेल. तार जड झाली की ती सावकाश हलते. पण तोच ठिपका सरकवत सरकवत घोडीच्या अगदी जवळ नेला, तर सूर जवळजवळ होता तिथेच परत येतो. मेण तेवढंच, तार तीच, ताणही तोच. मग फरक कसला पडला? आणि याहून चमत्कारिक गोष्ट अशी की ठिपका मधोमध असताना तारेचा मूळ सूर उतरतो, पण त्याच तारेतून त्याच वेळी निघणारा दुप्पट कंपनसंख्येचा स्वर मात्र जागचा हलत नाही. (जवारीमुळे तंबोऱ्याच्या आवाजात जे आणखी रंग भरतात, त्यांची भानगड इथे बाजूला ठेवू. साधी ताणलेली तार डोळ्यांपुढे आणली तरी पुरे.)

याचं उत्तर तार कशी हलते यात आहे. मूळ सुरात वाजताना तारेचा मध्य सगळ्यात जास्त झुलतो आणि टोकं स्थिर असतात. मेण मध्यावर असेल तर तारेला ते प्रत्येक झोक्याबरोबर इकडून तिकडे ओढत न्यावं लागतं. घोडीजवळ असेल तर ते ओझं नुसतं बसून राहतं. जिथे हालचालच नाही, तिथे जादा वजनाचा जाच नाही. दुप्पट कंपनसंख्येच्या स्वरात तार दोन भागांत झुलते आणि नेमका मध्यच स्थिर राहतो. म्हणून त्या स्वराला मध्यावरच्या मेणाची खबरही लागत नाही.

आकडे घालून बघू. तारेच्या झुलणाऱ्या भागाचं वजन १ ग्रॅम, मेणाचं १० मिलिग्रॅम, म्हणजे तारेचा शंभरावा हिस्सा, आणि मूळ कंपनसंख्या २०० धरू. मेण मध्यावर असेल तर कंपनसंख्या जवळपास एक टक्क्याने उतरून १९८ होते. एका टोकापासून चतुर्थांश अंतरावर तारेचा झोका मध्यापेक्षा कमी असतो आणि त्या झोक्याचा वर्ग बरोबर निम्मा भरतो. म्हणून तिथे घट निम्मी, १९९. टोकापासून दहाव्या हिश्शावर घट आणखी कमी, साधारण १९९.८. हिशेबात झोका नव्हे, झोक्याचा वर्ग येतो, कारण हलणाऱ्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. हा वर्ग लक्षात ठेवावा. पुढे अणूत तो पुन्हा भेटणार आहे.

## जुनाच आकार, नवी बेरीज

वरच्या हिशेबात एक लबाडी आहे. मेण लावल्यावर तार ज्या आकारात झुलते तो आकार आधीच्यापेक्षा थोडा बदलणार; मेणापाशी तिला बारीकसा कोपरा पडणार. आपण तो बदल पाहिलाच नाही. तार जुन्याच आकारात झुलते आहे असं समजून फक्त वजनाचा फरक मोजला. तरी उत्तर इतकं जवळ कसं येतं?

ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी ध्वनीवरच्या आपल्या ग्रंथात (पहिला खंड १८७७) हेच दाखवून दिलं होतं. तार जेव्हा तिच्या नैसर्गिक आकारात झुलत असते तेव्हा तो आकार असा असतो, की त्यात थोडा फेरफार केला तरी कंपनसंख्या पहिल्या हप्त्यात बदलतच नाही. आकारात शंभरात एकाचा फरक पडला तर कंपनसंख्येत साधारण दहा हजारांत एकाचा फरक पडतो, म्हणजे फरकाच्या वर्गाएवढा. म्हणून आकारातली चूक आपल्याला माफ होते. वजनातला फरक मात्र सरळ सरळ उत्तरात उतरतो. तेव्हा पहिल्या अंदाजासाठी जुना आकार घ्यावा आणि नवी भर त्याच्यावर तोलावी, एवढं पुरतं.

एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ साली पुंजयामिकीवरच्या आपल्या तिसऱ्या निबंधात ही रीत अणूला लावली आणि रॅले यांचं ऋण मानलं. आजही पाठ्यपुस्तकांत या पद्धतीला दोघांचं नाव जोडून दिलेलं असतं. मराठीत तिला क्षोभ सिद्धांत म्हणता येईल. क्षोभ म्हणजे मूळ व्यवस्थेत झालेली लहानशी ढवळाढवळ. ती ढवळाढवळ काळाबरोबर बदलत नसेल, कायमची एकसारखी असेल, तर हिशेब सोपा आहे आणि इथे तेवढाच पाहू.

अणूत तारेच्या झोक्याची जागा तरंगफलन घेतं. इलेक्ट्रॉन अमुक जागी सापडण्याची शक्यता किती, हे या फलनाच्या वर्गावरून कळतं. त्या वर्गाला आपण इलेक्ट्रॉनची त्या जागेची हजेरी म्हणू. आता नियम असा: मूळ अणूची पातळी आणि तिथली इलेक्ट्रॉनची हजेरी आधीच माहीत हवी. मग ढवळाढवळीमुळे प्रत्येक जागी ऊर्जा किती वाढली किंवा घटली ते पाहायचं, त्याला त्या जागच्या हजेरीने गुणायचं आणि सगळीकडची बेरीज करायची. ही भारित सरासरी म्हणजेच ऊर्जा पातळीचं पहिल्या क्रमाचं सरकणं. चिन्हांत:

ΔE = ∫ |ψ|² V′ dτ

यात ψ हे जुनं, न बिघडलेलं तरंगफलन. V′ म्हणजे प्रत्येक जागी पडलेला ऊर्जेचा फरक. आणि पुढचं dτ म्हणजे जागेचा इवलासा तुकडा. नवीन समीकरण सोडवायची गरज पडत नाही, हाच या सूत्राचा सगळा फायदा.

## प्रोटॉन बिंदू नाही

हायड्रोजनचा अणू हा पुंजयामिकीतला मोजक्या पूर्ण सुटणाऱ्या हिशेबांपैकी एक. मध्ये प्रोटॉन, भोवती एक इलेक्ट्रॉन. सर्वांत खालची पातळी उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडवून न्यायला तेवढी ऊर्जा लागते. हा आकडा कॉलेजात शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. तो काढताना मात्र प्रोटॉन हा बिंदू आहे, त्याला आकारच नाही, असं बिनदिक्कत धरलेलं असतं.

प्रत्यक्षात प्रोटॉनचा धन विद्युतभार थोड्याशा जागेत पसरलेला आहे. पसाऱ्याचं माप म्हणून जी सरासरी त्रिज्या घेतात ती ०.८४ फेम्टोमीटर आहे. फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग. अणूच्या मानाने हे किती लहान? हायड्रोजनच्या खालच्या पातळीतल्या इलेक्ट्रॉनचं केंद्रापासूनचं ठरावीक अंतर, ज्याला बोर त्रिज्या म्हणतात, ते साधारण ५२,९०० फेम्टोमीटर आहे. इतक्या लहान गोष्टीने पातळी हलते का, आणि हललीच तर किती?

हिशेबासाठी प्रोटॉन म्हणजे विद्युतभार एकसारखा भरलेला गोळा आहे असं धरू. सरासरी त्रिज्या ०.८४ यावी म्हणून त्या गोळ्याची त्रिज्या १.०९ फेम्टोमीटरच्या आसपास घ्यावी लागते. गोळ्याच्या बाहेर इलेक्ट्रॉनला काहीच फरक जाणवत नाही. गोलाकार पसरलेला भार बाहेरून बिंदूसारखाच ओढतो, हे न्यूटनच्या काळापासून ठाऊक आहे. फरक पडतो तो फक्त गोळ्याच्या आत. बिंदू प्रोटॉन असता तर केंद्राकडे जाताना ओढीची खाई अथांग खोल होत गेली असती. पसरलेल्या प्रोटॉनच्या पोटात शिरल्यावर मात्र इलेक्ट्रॉनच्या मागेही थोडा भार राहतो, ओढ सैल पडते आणि खाईला तळ लागतो. म्हणजे आत सगळीकडे ऊर्जा आधीच्यापेक्षा वर आली. हा आपला V′.

आता हजेरी. खालच्या पातळीत इलेक्ट्रॉनची हजेरी नेमकी केंद्रापाशी सर्वांत दाट असते. प्रोटॉनच्या एवढ्याशा पोटात ती दाटी जवळजवळ सपाट राहते: केंद्रापासून गोळ्याच्या पृष्ठभागापर्यंत येताना ती लाखात फक्त चार भाग घटते. तेव्हा तिला स्थिर धरून सरळ गुणाकार करता येतो. दोनच आकडे लागतात. पहिला, इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या पोटात सापडण्याची शक्यता: कोटी कोटी वेळा पाहिलं तर साधारण एकदा. दुसरा, पोटात असताना ऊर्जेत पडणारा सरासरी फरक: सुमारे ४ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार ४.६ अब्जांश इलेक्ट्रॉन व्होल्ट. एवढ्याने हायड्रोजनची खालची पातळी वर सरकते, म्हणजे इलेक्ट्रॉनची पकड किंचित सैल होते.

> चौकट: आकडेमोड
>
> a = बोर त्रिज्या = ५२,९१८ फेम्टोमीटर; R = गोळ्याची त्रिज्या = १.०८५ फेम्टोमीटर.
>
> केंद्रापाशी हजेरीची दाटी: |ψ(0)|² = 1/(πa³)
>
> पोटात सापडण्याची शक्यता: (4/3)(R/a)³ = 1.15 × 10⁻¹⁴
>
> पोटातला ऊर्जेचा सरासरी फरक: (3/10) · e²/(4πε₀R) = 3.98 × 10⁵ eV
>
> गुणाकार: ΔE = (2/5) · (e²/4πε₀a) · (R/a)² = (2/5) × 27.2 eV × (R/a)² = 4.6 × 10⁻⁹ eV
>
> कंपनसंख्येच्या भाषेत: ΔE/h = सुमारे ११ लाख हर्ट्झ.

चौकटीतल्या शेवटच्या सूत्रात प्रोटॉनच्या त्रिज्येचा फक्त वर्ग उरला आहे, याकडे लक्ष द्यावं. आपण सोयीसाठी एकसारखा भरलेला गोळा धरला होता. पण भार मध्यावर दाट आणि कडेला विरळ असा धरला तरी हाच हिशेब पुन्हा केल्यावर उत्तरात केवळ अंतराच्या वर्गाची सरासरीच येते, पसरण्याची बाकीची तऱ्हा येतच नाही. हजेरी प्रोटॉनच्या पोटात सपाट आहे, त्यामुळे इलेक्ट्रॉनला एवढंच कळतं. 'प्रोटॉनची त्रिज्या' म्हणून जो आकडा छापला जातो तो याच वर्गसरासरीचं वर्गमूळ आहे. प्रोटॉनला चेंडूसारखी कडक कड आहे असा त्याचा अर्थ नाही.

## लहान म्हणजे नक्की काय लहान?

इथे वाचकाला शंका यायला हवी. क्षोभ 'लहान' असेल तर ही रीत चालते असं आपण म्हटलं, आणि फरक तर ४ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा निघाला! मूळ पातळी अवघी १३.६ ची. केंद्राच्या अगदी जवळ हा फरक याहूनही वाढत जातो आणि केंद्रबिंदूवर तर अनंत होतो. याला लहान कसं म्हणायचं?

म्हणता येतं, कारण लहान असायला हवा तो जागोजागचा फरक नव्हे. हजेरीने तोललेला फरक लहान हवा, आणि तोही पातळ्यांमधल्या अंतराच्या मानाने. हायड्रोजनच्या पहिल्या आणि दुसऱ्या पातळीत १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचं अंतर आहे. ढवळाढवळ झाली की मूळ तरंगफलनात वरच्या पातळ्यांच्या तरंगफलनांची थोडी थोडी भेसळ होते, आणि ती भेसळ किती होणार हे याच दोन आकड्यांच्या गुणोत्तरावर ठरतं. इथे अब्जांशांना दहाने भागायचं आहे. भेसळ नगण्य, म्हणून जुना आकार बिनधास्त वापरायचा.

विद्यार्थी इथे हटकून फसतात. क्षोभाचं सूत्र पाहून 'हे तर प्रचंड आहे' म्हणतात आणि रीतच सोडून देतात. किंवा उलट, क्षोभ दिसायला चिमुकला आहे म्हणून पातळ्यांमधलं अंतर तपासतच नाहीत. दुसरी चूक जास्त महागात पडते.

तिचं खरं उदाहरण म्हणजे विजेच्या क्षेत्रात ठेवलेला हायड्रोजन. क्षेत्रामुळे अणूच्या एका बाजूला इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढते, दुसऱ्या बाजूला तेवढीच घटते. दुसऱ्या पातळीत इलेक्ट्रॉनचे दोन तऱ्हेचे आकार असतात: गोल, ज्याला २एस म्हणतात, आणि दोन फुग्यांचा, ज्याला २पी म्हणतात. दोन्हींची हजेरी डावी-उजवीकडे सारखीच. सरासरी काढली तर वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर शून्य येतं. पण योहानेस श्टार्क यांनी १९१३ सालीच दाखवलं होतं, की क्षेत्रात हायड्रोजनच्या वर्णरेषा फाटतात आणि फाट क्षेत्राच्या सरळ प्रमाणात वाढते. सूत्र शून्य सांगतं आणि प्रयोग नाही म्हणतो.

गोम अशी की या साध्या हिशेबात २एस आणि २पी यांची ऊर्जा एकच आहे. दोघांमध्ये अंतर शून्य, तेव्हा कितीही नाजूक क्षोभ त्यांची पूर्ण भेसळ करून टाकतो. 'जुना आकार टिकतो' हे गृहीतच ढासळलं. उपाय असा, की सरासरी काढण्याआधी एका ऊर्जेच्या आकारांमधून योग्य जोड्या निवडायच्या. इथे २एस आणि २पी समप्रमाणात मिसळून दोन एकांगी आकार होतात, एकाची हजेरी डावीकडे झुकलेली, दुसऱ्याची उजवीकडे. आता सरासरी शून्य येत नाही. एक पातळी वर जाते, दुसरी तेवढीच खाली. मीटरला एक कोटी व्होल्टच्या क्षेत्रात हे सरकणं साधारण १.६ सहस्रांश इलेक्ट्रॉन व्होल्ट भरतं. श्रोडिंगर यांनी १९२६ च्या त्या निबंधात हेच गणित सोडवलं होतं.

प्रोटॉनच्या आकाराच्या हिशेबात हा धोका नाही. प्रोटॉनचा पसारा सगळ्या दिशांना सारखा आहे, त्यामुळे तो गोल आकारात फुग्यांच्या आकाराची भेसळ करूच शकत नाही.

## रेषेत लपलेला प्रोटॉन

११ लाख हर्ट्झ हा फरक मोजता येतो का? मोजता येतो, आणि चांगला ऐसपैस. जर्मनीत गार्शिंग इथे थिओडोर हेन्श यांच्या गटाने हायड्रोजनच्या पहिल्या पातळीपासून २एस पर्यंतच्या उडीची कंपनसंख्या मोजली. ती सुमारे २,४६६ लाख कोटी हर्ट्झ आहे आणि २०११ च्या मापनात तिच्यातली अनिश्चितता अवघी दहा हर्ट्झ होती. प्रोटॉनच्या आकारामुळे या उडीत साडेनऊ लाख हर्ट्झहून थोडा अधिक फरक पडतो. २एस मध्ये केंद्रापाशी हजेरी आठपट विरळ असल्याने तीही पातळी सरकते, पण आठव्या हिश्शाने. वजाबाकी करून हा आकडा येतो. २पी मध्ये केंद्रापाशी हजेरी शून्य, म्हणून तिला प्रोटॉनच्या आकाराची जवळजवळ झळच लागत नाही. मध्यावर स्थिर राहणाऱ्या त्या दुप्पट स्वराचीच ही गोष्ट.

अडचण मापनात नसून वेगळ्याच ठिकाणी आहे. उडीचा मुख्य आकडा ज्या मूलभूत स्थिरांकावर अवलंबून असतो, तो रिडबर्ग स्थिरांकसुद्धा हायड्रोजनच्या रेषांवरूनच काढतात. एक रेषा आणि दोन अज्ञात राशी. म्हणून किमान आणखी एक रेषा मोजावी लागते आणि ती इतकी नेमकी मोजता येत नाही. शिवाय सापेक्षतेमुळे आणि विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या पुंज-स्वभावामुळे पातळ्या प्रोटॉनच्या आकारापेक्षा कितीतरी अधिक सरकतात. त्या सगळ्यांचा हिशेब चोख करून वजा केल्यावर खाली जो गाळ उरतो त्यात प्रोटॉन सापडतो.

यावर तोडगा म्हणजे इलेक्ट्रॉनच बदलणं. म्युऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच ऋण भाराचा कण, पण २०७ पट जड. तो प्रोटॉनभोवती ठेवला तर प्रोटॉनही किंचित डोलत असल्याने हिशेबात १८६ पट धरावा लागतो. अणू १८६ पट आक्रसतो आणि केंद्रापाशी हजेरीची दाटी १८६ च्या घनाएवढी, म्हणजे जवळपास ६४ लाख पट वाढते. पातळीचं सरकणंही तितकंच वाढतं. साध्या हायड्रोजनमध्ये २एस आणि २पी यांच्यातल्या खऱ्या, बारीक अंतरात प्रोटॉनच्या आकाराचा वाटा सात-आठ हजारांत एक भाग असतो. म्युऑनच्या हायड्रोजनमध्ये तो पन्नासात एक भाग होतो.

स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत रांडोल्फ पोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. म्युऑन जन्मल्यापासून दोनेक मायक्रोसेकंदांत नष्ट होतो. त्याला विरळ हायड्रोजन वायूत थांबवायचं. शंभरातला एखादाच २एस मध्ये अडकतो आणि साधारण एक मायक्रोसेकंद तिथे टिकतो. तेवढ्या अवधीत त्याच्यावर ६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा लेझर मारायचा. लेझरची कंपनसंख्या बरोबर जुळली तर म्युऑन २पी मध्ये जातो, तिथून तत्काळ खाली कोसळतो आणि १.९ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा क्ष-किरण सोडतो. लेझरची कंपनसंख्या बदलत जायचं आणि क्ष-किरण कधी वाढतात ते पाहायचं.

क्ष-किरण वाढले, पण अपेक्षित जागी नाही. तोवर मान्य असलेल्या ०.८७७ फेम्टोमीटर त्रिज्येवरून रेषा जिथे दिसायला हवी होती, तिथून ती सुमारे ७५ अब्ज हर्ट्झ दूर सापडली. त्यावरून त्रिज्या आली ०.८४२. चार टक्क्यांचा हा फरक २०१० मध्ये जाहीर झाला आणि बरीच खळबळ उडाली. पहिल्या क्रमाच्या सूत्राच्या पुढच्या बारीक दुरुस्त्या अनेकांनी नव्याने तपासल्या. त्यांत एवढं मोठं खिंडार काही सापडलं नाही. पुढे साध्या हायड्रोजनच्या रेषा पुन्हा मोजल्या गेल्या. गार्शिंगचं २०१७ चं आणि टोरंटोचं २०१९ चं मापन लहान त्रिज्येच्या बाजूने आलं; पॅरिसचं २०१८ चं मात्र जुन्या आकड्याच्या. प्रमाण मानल्या जाणाऱ्या स्थिरांकांच्या यादीत आता ०.८४ च्या आसपासचा आकडाच छापला जातो.

## शिशापाशी रीत मोडते

म्युऑनने इतकी कामगिरी केली, तर तोच म्युऑन शिशाच्या अणुकेंद्राभोवती ठेवून आपलं सूत्र चालवून बघू. शिशाच्या केंद्रात ८२ प्रोटॉन. केंद्र एकसारख्या भरलेल्या गोळ्यासारखं धरलं तर त्रिज्या ७ फेम्टोमीटरच्या आसपास. केंद्र बिंदू असतं तर म्युऑनची खालची पातळी सुमारे उणे १.९ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टवर असती. चौकटीतल्या सूत्रात केंद्राचा ८२ पट भारही धरून आकडे घातले की सरकणं येतं जवळपास साडेसात कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे पातळी शून्याच्या वर गेली, म्युऑन सुटून गेला! प्रत्यक्षात तो चांगला बांधलेला असतो. पकड एक कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात असते.

बिनसलं कुठे, ते दोन लांब्या शेजारी ठेवल्या की दिसतं. बिंदू केंद्राभोवती म्युऑनचं ठरावीक अंतर ५२,९१८ ला २०७ ने आणि मग ८२ ने भागून येतं, म्हणजे ३.१ फेम्टोमीटर. केंद्राची त्रिज्या त्याच्या दुपटीहून जास्त. म्युऑनचा बराचसा वावर केंद्राच्या पोटातच. तेव्हा हजेरी पोटात सपाट धरण्याची सवलत पहिल्यांदा जाते. ती दुरुस्त करून पूर्ण बेरीज केली तरी मूळ दुखणं राहतंच, कारण खाईला तळ लागल्यावर म्युऑन जुन्या आकारात राहत नाही, तो बाहेर पसरतो. या पसरण्यामुळे ऊर्जा पहिल्या क्रमाच्या उत्तरापेक्षा नेहमी खालीच येते. सर्वांत खालच्या पातळीसाठी पहिल्या क्रमाचं उत्तर खऱ्यापेक्षा कधीच खाली जात नाही, हा पक्का नियम आहे. इथे ते कितीतरी वर गेलेलं दिसतं.

म्हणून म्युऑन आणि शिसं यांच्यासाठी कुणी हे सूत्र वापरत नाही. पसरलेल्या भाराची खाई सुरुवातीपासूनच समीकरणात घालून, सापेक्षतेसह, ते संगणकावर थेट सोडवतात. आणि मग बाकीचे लहान परिणाम, ज्यांची भेसळ खरोखरच थोडी आहे, तेवढेच क्षोभ म्हणून वर जोडतात.